जर्मन फिल्म लावली की दहाव्या मिनिटाला डोकं का भणभणतं? सुरुवातीला नेमकं काय ऐकायचं, किती आणि कसं

2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याबरोबर कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि जर्मन भाषेची चर्चा पुण्या-मुंबईच्या बाहेर पडली. नर्सिंग झालेली, आयटीआय केलेली मुलं ए१, ए२, बी१ हे शब्द आता दहावी-बारावीसारखे वापरतात. नांदेड आणि लातूरच्या मुलांपुढे मात्र एक वेगळी अडचण असते. पुस्तक मिळतं, व्याकरण यूट्यूबवर सापडतं, पण आजूबाजूला जर्मन बोलणारं कुणी नसतं. मग सल्ला मिळतो, "जर्मन सिरीज बघ, गाणी ऐक, पॉडकास्ट लाव, आपोआप येईल."

मुलं मोठ्या उत्साहाने नेटफ्लिक्सवर `Dark` लावतात. दहा मिनिटं बघतात. एक 'याऽ' आणि एक 'नाइन' सोडलं तर काही कळत नाही. मग इंग्रजी सबटायटल सुरू होतात, गोष्ट कळायला लागते, दोन एपिसोड संपतात आणि जर्मन होतं तिथेच राहतं.

यात दोष बघणाऱ्याचा नाही, निवडीचा आहे.

650 शब्द आणि एक अख्खी सिरीज

गोएथे इन्स्टिट्यूटच्या ए१ परीक्षेसाठी जी शब्दयादी आहे तीत साधारण 650 शब्द आहेत. एवढ्या शब्दांवर दुकानात ब्रेड घेता येतो, डॉक्टरची वेळ मागता येते, स्वतःची ओळख करून देता येते. मोठ्यांसाठी बनवलेली सिरीज काही या यादीकडे बघून लिहिलेली नसते. तिथे टोमणे असतात, अर्धवट वाक्यं असतात, रागाने पुटपुटलेले शब्द असतात.

दुसरी अडचण शब्दांपेक्षा मोठी आहे. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. एखाद्याने मराठी पुस्तकातून शिकली, 'तू कुठे जात आहेस?' हे त्याला पाठ आहे. तो लातूरच्या बसस्टँडवर उतरला आणि कुणीतरी विचारलं, "कुठं जाऊ लालास?" त्याला प्रत्येक शब्द माहीत असूनही वाक्य कळणार नाही. जर्मनमध्येही हेच होतं. पुस्तकात 'हास्ट दू त्साइट?' (तुझ्याकडे वेळ आहे का?) असं असतं. बोलताना ते 'हास्टं त्साइट?' होतं, 'दू' जवळजवळ विरघळून जातो. 'आइनेन' या शब्दाचा 'नेन' होतो, 'इश हाबं' चं 'इश हाप' होतं. तुम्ही शोधत असता 'दू', आणि तो आलेलाच नसतो.

म्हणजे ऐकताना दोन वेगळ्या गोष्टी अडतात. एक, शब्दच माहीत नाही. दोन, शब्द माहीत आहे पण कानाने ओळखला नाही. दोन्हींचा उपाय वेगळा आहे, आणि आपल्याला कोणती अडचण आहे हे कळलं की अर्धी घालमेल कमी होते.

एका मिनिटाची चाचणी

कुठलंही ऑडिओ किंवा व्हिडिओ निवडण्याआधी हे करून बघा. एक अट आहे: त्याचा जर्मन मजकूर लेखी मिळाला पाहिजे. एक मिनिट मजकूर न बघता ऐका. मग तोच भाग वाचा.

वाचतानाही दर ओळीत दोन-तीन शब्द अडत असतील, तर ते साहित्य आत्ता तुमच्यासाठी नाही. कितीही वेळा ऐकलं तरी माहीत नसलेला शब्द कानातून डोक्यात शिरत नाही. सोडा, सहा महिन्यांनी या.

वाचताना जवळपास सगळं कळलं, पण ऐकताना अर्धंही कळलं नव्हतं, तर तुम्हाला हवं ते सापडलं. इथे शब्दांचं काम झालेलं आहे, फक्त कानाचं बाकी आहे, आणि कानाचं काम ऐकूनच होतं.

वाचताना आणि ऐकताना दोन्ही वेळा सगळंच कळलं, तर ते बस प्रवासात आरामात ऐकायला ठेवा. त्यातून नवं फार मिळणार नाही, पण सवय टिकते.

या चाचणीत एक लोकप्रिय सल्ला नापास होतो. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा `Langsam gesprochene Nachrichten` नावाचा कार्यक्रम आहे, म्हणजे सावकाश वाचलेल्या बातम्या. नवशिक्याला बरेच जण हाच सुचवतात, कारण नावातच 'सावकाश' आहे. पण वेग कमी केला म्हणून भाषा सोपी होत नाही. बातम्या खऱ्या असतात, त्यात संसद, युद्धविराम, व्याजदर असे शब्द येतात. हा कार्यक्रम बी२च्या आसपास पोचलेल्यांसाठी आहे. आकाशवाणीच्या मराठी बातम्या कुणी हळू वाचून दाखवल्या तरी मराठीचे पहिले दोन महिने शिकणाऱ्याला 'अविश्वास ठराव' कळणार नाहीच. `Slow German` या पॉडकास्टचंही थोडं तसंच आहे. चांगला आहे, पण ए१साठी नाही.

मग लावायचं काय?

मला विचाराल तर सुरुवातीला एकच गोष्ट पुरे: डॉइचे वेलेचा `Nicos Weg`. ही शिकणाऱ्यांसाठीच बनवलेली फिल्म आहे. स्पेनहून आलेला निको नावाचा तरुण विमानतळावर बॅग हरवून बसतो आणि अनोळखी शहरात, तुटक्या जर्मनवर, माणसं जोडत जातो. ए१, ए२ आणि बी१ अशा तीन पायऱ्यांवर तिचे तीन भाग आहेत आणि सगळं मोफत आहे. यूट्यूबवर अख्खा भाग एकत्र सापडतो, पण तो दीड तासाहून मोठा आहे. तसा बघू नका. डॉइचे वेलेच्या संकेतस्थळावर तीच फिल्म छोट्या तुकड्यांत कापलेली आहे. प्रत्येक तुकड्यासोबत सराव, शब्द आणि संवादांचा मजकूर मिळतो. आपल्याला तुकडेच हवेत.

डेटा कमी असेल किंवा नुसतं ऐकायचं असेल तर `Radio D` शोधा. गोएथे इन्स्टिट्यूट आणि डॉइचे वेलेने मिळून केलेली ही जुनी श्राव्यमालिका आहे, पाउला आणि फिलिप नावाचे दोन पत्रकार त्यात गूढ प्रकरणांचा माग काढतात. दोन भागांत मिळून 52 पाठ आहेत. थोडी जुन्या वळणाची वाटते, पण ऑडिओ उतरवून ठेवता येतो, म्हणजे अहमदपूर-लोह्याच्या रस्त्यावर रेंज गेली तरी अडत नाही.

खरे लोक रस्त्यावर कसे बोलतात हे पाहायचं असेल तर यूट्यूबवर `Easy German` वाहिनीचे `Super Easy German` हे भाग आहेत. त्यात जर्मन आणि इंग्रजी दोन्ही ओळी पडद्यावर एकत्र येतात. तिथे एक काळजी घ्या: इंग्रजी ओळ बोटाने किंवा कागदाच्या पट्टीने झाका. उघडी राहिली तर डोळा तिकडेच जातो आणि कान सुट्टी घेतो.

नव्वद सेकंद, चार बैठका

आता प्रत्यक्ष काम कसं करायचं ते एका प्रसंगावर बघू. समजा लातूरची एक नर्सिंगची विद्यार्थिनी ए१ शिकते आहे आणि तिने बेकरीतला नव्वद सेकंदांचा एक तुकडा निवडला. अशा प्रसंगात साधारण असं बोलणं असतं. गिऱ्हाईक म्हणतं, 'इश हेटं गेर्न त्स्वाय ब्रॉटशेन', मला दोन छोटे पाव हवे होते. दुकानदार विचारते, 'सॉन्स्ट नॉख वास?', अजून काही? गिऱ्हाईक म्हणतं, 'नाइन डांकं, दास इस्ट आलेस', नको, एवढंच. मग दुकानदार म्हणते, 'दास माख्ट द्राय फ्युन्फत्सिग'.

पहिल्या बैठकीत ती पडद्यावरची अक्षरं बंद ठेवून दोनदा बघते. तीन प्रश्नांची उत्तरं मराठीत लिहिते: कोण बोलतंय, कुठे, काय हवंय. 'बेकरी, एक मुलगा, पाव, पैसे' एवढं मिळालं तरी बैठक संपली. सगळं कळलंच पाहिजे असा हट्ट इथे धरला की भणभण सुरू होते. नांदेड स्टेशनवर उद्घोषणा होते तेव्हा आपण तरी प्रत्येक शब्द कुठे ऐकतो? आपल्या गाडीचं नाव आणि प्लॅटफॉर्मचा आकडा तेवढा टिपतो.

दुसऱ्या दिवशी ती मजकूर समोर ठेवून ऐकते आणि पेन्सिलने दोन प्रकारच्या खुणा करते. माहीत नसलेल्या शब्दाखाली रेघ. माहीत होता पण ऐकू आला नाही त्याभोवती गोल. इथे तिला दिसतं की 'हेटं गेर्न' खाली रेघ आली, कारण ही मागण्याची सभ्य पद्धत तिला नवी होती. 'सॉन्स्ट नॉख वास' भोवती गोल आला. तीन शब्द तिला काल 'सॉन्सनोख्वास' असा एकच अगम्य आवाज वाटला होता. आणि 'द्राय फ्युन्फत्सिग' कळलं, पण त्यात 'ऑयरो' हा शब्दच नव्हता. साडेतीन युरो म्हणताना ते 'तीन पन्नास' एवढंच म्हणतात, जसं आपला भाजीवाला 'रुपये' न म्हणता नुसतं 'वीस' म्हणतो.

रेघवाले शब्द वहीत जातात, पण एका तुकड्यातून पाचपेक्षा जास्त नाहीत. आणि सुटा शब्द न लिहिता पूर्ण वाक्य लिहायचं. 'गेर्न' म्हणजे काय हे एका मराठी शब्दात सांगता येत नाही, पण 'इश हेटं गेर्न' म्हणजे 'मला हवं होतं' हे लगेच वापरता येतं.

तिसरी बैठक गोलवाल्या शब्दांची. त्या वाक्यावर थांबून पाच-सहा वेळा ऐकायचं आणि जसं ऐकू येतं तसंच, त्याच चिकटलेल्या आवाजात, मोठ्याने म्हणायचं. सुटंसुटं, स्वच्छ म्हणायचं नाही. तोंडाने 'सॉन्सनोख्वास' म्हणता आलं की कान पुढच्या वेळी ते ओळखतो. वेग जास्त वाटला तर यूट्यूबवर 0.75 ठेवा, 0.5 वर आवाज रबरासारखा ताणला जातो आणि भलतंच उच्चारण डोक्यात बसतं.

चौथी बैठक दोन-तीन दिवस सोडून. पुन्हा अक्षरं बंद, एकदाच बघायचं. पहिल्या दिवसाच्या मराठी टिपणाशी ताडून पाहायचं. फरक तिथे कागदावर दिसतो.

एका तुकड्याला मिळून तास-सव्वा तास लागतो. आठवड्याला दोन तुकडे झाले तरी चांगली गती आहे. दीड तासाची फिल्म एका रविवारी संपवण्यापेक्षा हे किरकोळ वाटतं, पण नव्वद सेकंदांत दीडएकशे शब्द असतात आणि ते सगळे तुमचे होतात.

मराठी कान कुठे मदत करतो, कुठे फसवतो

बहुतेक साहित्य इंग्रजीतून समजावलेलं असल्यामुळे आपण जर्मन ऐकून मनात आधी इंग्रजी करतो. आकड्यांच्या बाबतीत ही सवय महाग पडते. जर्मनमध्ये 25 म्हणजे 'फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिग', आधी पाच मग वीस. इंग्रजीतून जाणारा हमखास 52 लिहितो. पण मराठीत आपण 'पंचवीस'च म्हणतो, पाच आधी! ऐकताना सरळ मराठी आकडा मनात आणा.

घड्याळाचंही तसंच. 'हाल्प आख्ट' ऐकलं की 'आठ' आणि 'अर्धा' हे दोन शब्द कळतात आणि माणूस साडेआठ लिहून मोकळा होतो. ते साडेसात असतं, आठकडे जाताना अर्धा तास. आपल्या 'पावणेआठ'मध्ये हाच हिशोब आहे: आठ अजून वाजलेले नाहीत, तरी नाव आठचं. मुलाखतीला तासभर उशिरा पोचायचं नसेल तर हे एवढं पक्कं करा.

वाक्याच्या शेवटी क्रियापद येणं हेही आपल्याला नवं नाही. 'इश हाबं गेस्टर्न राइस गेगेसेन' मध्ये 'खाल्ला' शेवटी येतो, 'मी काल भात खाल्ला' सारखाच. त्यामुळे ऐकताना वाक्य संपेपर्यंत थांबायची सवय मराठी माणसाला असते, तिचा उपयोग करा. 'इश रूफं दिश मॉर्गेन आन' मधला शेवटचा चिमुकला 'आन' सुटला तर 'फोन करतो' हा अर्थच सुटतो.

उच्चारातही एक भेट आहे. जर्मन 'झेड' हे अक्षर आपण 'चांगला'मधल्या 'च'सारखं म्हणतो तसं उच्चारलं जातं. 'चहा'मधल्या 'च'सारखं नाही. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यासाठी झगडावं लागतं.

फसवणूक होते ती ऱ्हस्व-दीर्घात. शाळेत त्यावर मार्क गेले, पण बोलताना आपण इ-ई, उ-ऊ मध्ये फारसा भेद करत नाही. जर्मनमध्ये त्याने अर्थ बदलतो. 'मीटं' म्हणजे भाडं, 'मिटं' म्हणजे मध्य. 'श्टाट' लांब म्हटलं तर देश, तोकडं म्हटलं तर शहर. घर शोधताना हे दोन आवाज वेगळे ऐकू आले पाहिजेत.

गाण्यांचं काय?

इथे माझं मत थोडं कडू आहे: ए१ला गाणी ऐकण्याच्या सरावासाठी वाईट. चालीसाठी कवी शब्दांचा क्रम बदलतो, आणि गायक ऱ्हस्व स्वर लांबवतो. म्हणजे वर सांगितलेली ऱ्हस्व-दीर्घाची जागा, जिथे मराठी कान आधीच कच्चा आहे, तिथेच गाणं चुकीचं शिकवतं.

पण गाणं एक काम फार छान करतं. ते डोक्यात फिरत राहतं, भांडी घासतानाही. म्हणून गाण्यातून ऐकणं न शिकता एक-दोन वाक्यांचे साचे उचला. नामिकाचं 'लीबलिंग्समेन्श' किंवा नेनाचं 'नॉयनउंटनॉयनत्सिग लुफ्टबालोन्स' ही नावंच बघा. पहिल्यात दोन शब्द जोडून नवा शब्द कसा होतो ते दिसतं, आवडता आणि माणूस. दुसऱ्यात नव्याण्णवचा आकडा पुन्हा आपल्या पद्धतीने, नऊ आधी. महिन्याला एक गाणं, फक्त धृपद, मजकूर वाचून समजून घेतलेलं. पूर्ण गाणं 'समजलं पाहिजे' हा भार घेऊ नका.

हिंदी किंवा इंग्रजी फिल्म जर्मन आवाजात लावणाऱ्यांसाठीही एक सूचना. डबिंग आणि जर्मन सबटायटल बहुतेक वेळा वेगवेगळी भाषांतरं असतात. कानावर एक वाक्य, पडद्यावर दुसरं. जुळत नाही म्हणून आपलाच कान खराब आहे असं वाटतं. सरावासाठी मूळ जर्मनमध्ये बनलेलंच निवडा.

हे ऐकणं परीक्षेला पुरतं का?

अंशतः. गोएथेच्या ए१ परीक्षेत ऐकण्याचा भाग साधारण 20 मिनिटांचा, तीन विभागांचा असतो. पहिल्यात छोटे संवाद आणि तिसऱ्यात फोनवरचे निरोप दोनदा ऐकवतात. मधल्या विभागातल्या उद्घोषणा मात्र एकदाच. बरीच मुलं तिथे अडतात, कारण घरी आपण नेहमी मागे घेऊन ऐकतो. म्हणून चौथ्या बैठकीत 'एकदाच' हा नियम मोडायचा नाही. समजा ऐकलं, 'डेअर त्सूग नाख श्टुटगार्ट फेअर्ट हॉइटं फॉन ग्लाइस फ्युन्फ'. श्टुटगार्ट आणि पाच एवढं टिपलं की उत्तर मिळालं. आधी प्रश्न वाचून काय टिपायचं ते ठरवून ठेवायचं.

बोलणं आणि लिहिणं ऐकून येत नाही. बोलण्याच्या परीक्षेसाठी समोर माणूस लागतोच, तो क्लासमधला असो की ऑनलाइन जोडीदार. परीक्षेसाठी पुण्याचं मॅक्सम्युलर भवन सगळ्यांना माहीत असतं. नांदेडकरांना हैदराबादचं गोएथे-सेंट्रुम जास्त जवळ पडतं, तारखा दोन्हीकडच्या बघा.

आणि ज्यांना बाडेन-व्युर्टेम्बर्गलाच जायचं आहे त्यांच्यासाठी शेवटचं. फिल्ममध्ये आणि परीक्षेत ऐकू येते ती प्रमाण जर्मन. श्टुटगार्टच्या आसपास घराघरात स्वाबियन बोली आहे. तिथे 'निश्ट' (नाही) चं 'नेट' होतं, आणि इतके दिवस घोटलेला 'ब्रॉटशेन' मागितला तर पाव मिळेल, पण पुढचं गिऱ्हाईक 'वेकलं' म्हणेल. नर्सच्या नोकरीसाठी साधारण बी२ लागतं. तिथपर्यंत पोचल्यावर या बोलीचे व्हिडिओ लावा, आधी नको.